स्क्रीनवर बसलेलं मॉड्युलर किचन भिंतीवर का बसत नाही? तपासणीचा क्रम

नागपुरात मनीषनगर असो, बेसा असो की वाठोडा, नव्या फ्लॅटच्या किचनची ही एकच तक्रार माझ्याकडे फिरून फिरून येते. घरच्या कोणीतरी मन लावून लॅपटॉपवर ओटा, खालचे बॉक्स, वरची कपाटं सगळं काढलेलं असतं, थ्रीडी चित्र देखणं असतं, आणि फिटिंगच्या दिवशी मिस्त्री म्हणतो, "मॅडम, हा ड्रॉवर पुरता उघडतच नाही, बाजूच्या हँडलला लागते." ही पोस्ट त्याच तक्रारीसाठी आहे. उदाहरणं स्वीट होम थ्रीडीची देते, कारण फुकट असल्यामुळे घरोघरी तेच वापरलं जातं. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर बटणांची नावं बदलतील, मोजमापांचा हिशेब तोच राहील.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी दिसत असेल तर पुढे वाचा. ऑर्डर अजून गेली नसेल तर फारच बरं.

- एल आकाराच्या कोपऱ्यालगतचा ड्रॉवर वीतभर उघडून अडकतो.
- रांगेतला शेवटचा बॉक्स भिंत आणि शेजारच्या बॉक्समध्ये शिरत नाही, किंवा खाली शिरतो आणि वर अडतो.
- ड्रॉवर उघडला की मागे उभं राहायला जागा उरत नाही, किंवा फ्रिज उघडल्यावर किचनमधून बाहेर पडता येत नाही.
- वरच्या कपाटाचं शटर बीमला, चिमणीला किंवा खिडकीच्या झडपेला लागतं.

चारही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा सारखंच निघतं. सॉफ्टवेअरला टक्कर कळत नाही. एक कपाट दुसऱ्यात घुसवा, भिंतीत घुसवा, ते मुकाट्याने काढून दाखवतं. शिवाय तुम्ही दिलेली भिंत ते कोरी, सरळ आणि काटकोनात धरतं. प्लास्टर, टाइल्स, वाकडा कोपरा आणि बाहेर आलेलं हँडल या चार गोष्टी आपण सांगितल्याशिवाय त्याला माहीत नसतात. म्हणून तपासणीही त्याच अंगाने करायची, आधी बिनपैशाची आणि शेवटी भिंत फोडावी लागेल अशी.

१. आकड्याचा अर्थ पाहा

याला पाच मिनिटं पुरतात. आधी `Preferences` मध्ये एकक मिलिमीटर करा. आपल्याकडे बिल्डर फुटात बोलतो, मिस्त्री इंचात आणि हार्डवेअरवाला मिलिमीटरमध्ये. २४ इंच म्हणजे ६१० मिमी, पण बोलताना सगळे "सहाशे" म्हणून मोकळे होतात. चार बॉक्समध्ये असे दहा-दहा मिमी गेले की चाळीस होतात.

मग एक बॉक्स निवडून `Modify furniture` उघडा आणि `Depth` चा आकडा पाहा. इथे गंमत अशी की हा आकडा मॉडेलच्या सर्वांत बाहेरच्या बिंदूपर्यंतचा असतो. मॉडेलला हँडल असेल तर हँडलसकट. तुम्ही ५८० लिहिलंत तर स्क्रीनवर हँडलचं टोक ५८० वर येतं आणि बॉक्स आपोआप आत सरकतो. प्रत्यक्षात मिस्त्री ५६० चा बॉक्स करतो, त्यावर १८ मिमीचं शटर आणि बंपरचा एक-दोन मिमी धरून ५८० होतात, आणि हँडल त्याच्याही पुढे ३० ते ४० मिमी येतं. म्हणजे खरं टोक ६१५ च्या आसपास. जी-प्रोफाइल किंवा हँडललेस शटर घेणार असाल तर ही भानगड बरीच कमी होते, पण मग तसं आधीच ठरवून मिस्त्रीला सांगा. ऑर्डर गेल्यावर हँडल बदललं की कोपऱ्याचा सगळा हिशेब पुन्हा.

२. भिंत नेमकी कुठून कुठे मोजली?

स्वीट होम थ्रीडीत भिंत तिच्या जाडीच्या मध्यरेषेवर काढली जाते. तुम्ही भिंतीची लांबी ३०४८ टाकलीत आणि दोन्ही टोकांना साडेचार इंची म्हणजे ११५ मिमीच्या भिंती आहेत, तर आतली मोकळी लांबी २९३३ च भरते. त्यामुळे भिंती काढून झाल्या की `Create dimensions` घेऊन आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत माप टाका आणि तो आकडा टेपच्या मापाशी जुळेपर्यंत भिंत सरकवा. भिंतीच्या डायलॉग बॉक्समध्ये दिसणाऱ्या लांबीवर विसंबू नका.

हे जुळलं तरी दुसरा घोटाळा बाकीच असतो. टेपचं माप कधीचं? ब्रोशरमधला "८ बाय १०" हा बऱ्याचदा विटेपासून विटेपर्यंतचा असतो. आतलं प्लास्टर साधारण १२ मिमी, त्यावर टाइल आणि तिच्या खालचा मसाला किंवा अॅडेसिव्ह मिळून आणखी १२ धरा. एका भिंतीला २४, समोरासमोरच्या दोन भिंतींना ४८ मिमी. दहा फूट म्हणजे ३०४८, त्यातून ४८ गेले की उरतात ३०००. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये टाइल फक्त ओट्याच्या वर नसते, बिल्डर खालपासून लावून देतो, म्हणून खालच्या बॉक्सलाही ती आडवी येते. तुमच्या घरी ओट्याखाली टाइल नसेल तर खालचं आणि वरचं माप वेगवेगळं धरा.

टाइल्स लागून झाल्यावर, म्हणजे ऑर्डर द्यायच्या आधी, पुन्हा मोजा. तीन उंचीवर मोजायचं: स्कर्टिंगच्या वर, ओट्याच्या पातळीला आणि वरच्या कपाटाच्या पातळीला. तिन्हींत जे सर्वांत कमी तेच सॉफ्टवेअरमध्ये भरा. फ्लाय अॅश विटांच्या भिंतीवर प्लास्टर करताना ओळंबा नीट लावला नसेल तर वर-खाली १०-१५ मिमीचा फरक सहज येतो. "खाली शिरतो आणि वर अडतो" हे लक्षण इथलंच.

३. कोपरा गुण्यात आहे का?

मिस्त्रीचा गुण्या नसला तरी टेपने होतं. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ९०० वर खूण करा, दुसऱ्या भिंतीवर १२०० वर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर १५०० आलं तर कोपरा काटकोनात. १४९० आलं तर कोपरा आवळलेला आहे आणि ओट्याच्या ६०० मिमी डेप्थमध्ये भिंत साधारण ८ मिमी आत येते. १५१० आलं तर उलट, समोरच्या बाजूला फट दिसेल.

पाच-सात मिमीचा फरक असेल तर भिंत दुरुस्त करू नका. रांगेच्या शेवटी २० मिमीची पट्टी ठेवा, ती मिस्त्री भिंतीच्या आकाराप्रमाणे रंधून बसवतो. बॉक्स मात्र सगळे काटकोनातच राहिले पाहिजेत. वाकडी भिंत लपवायला बॉक्स वाकडा केला की चॅनल जाम होतात.

४. कोपऱ्याचा फिलर

सर्वाधिक किचन इथे अडतात, म्हणून एक उदाहरण आकड्यांसकट पाहू. बेसाला एक फ्लॅट होता. घरातल्या मुलीने ब्रोशरच्या मापावर छान प्लॅन काढला होता, आतलं माप घेऊन, ३०४८ बाय २४३८. लांब भिंतीला ओटा, डावीकडच्या आखूड भिंतीला वळलेला एल, कोपरा बंद ठेवलेला. डावीकडच्या रांगेची डेप्थ शटरसकट ५८०. म्हणजे लांब भिंतीवर ३०४८ मधून ५८० वजा जाऊन उरले २४६८. त्यात तिने कोपऱ्यालगत ६०० चे ड्रॉवर, मग हॉबखाली ९०० चं युनिट आणि शेवटी सिंकखाली ९०० चं युनिट, असे २४०० बसवले. उरलेले ६८ मिमी कोपऱ्यात फिलर, म्हणजे कोरी बंद पट्टी, म्हणून सोडले. स्क्रीनवर हा प्लॅन अगदी बरोबर आहे. डावीकडच्या रांगेचं हँडल ६१५ पर्यंत येतं आणि ड्रॉवर ६४८ पासून सुरू होतो, तेव्हा ३३ मिमी मोकळे.

भिंतीवर टाइल लागल्यावर लांबी ३००० भरली. ५८० वजा करून २४२०, त्यातून बॉक्सचे २४००. फिलरला उरले फक्त २०. आता ड्रॉवर ६०० पासून सुरू होतो आणि शेजारचं हँडल ६१५ पर्यंत आलेलं. पंधरा मिमीची ही टक्कर कागदावर कुठेच दिसत नाही, कारण कागदावर कोणी ड्रॉवर उघडत नाही. डावीकडच्या पहिल्या युनिटलाही ड्रॉवरच होते आणि त्यांची हँडल्स मधोमध, म्हणून इकडचा ड्रॉवर वीतभर येऊन थेट त्या हँडलवर थांबला असता. शिवाय उजव्या भिंतीला रंधायच्या पट्टीसाठी काहीच शिल्लक नाही.

सुदैवाने बॉक्स कापले गेले नव्हते. फिलरला ५० आणि उजवीकडच्या पट्टीला २० असे ७० मिमी हवे होते, म्हणजे बॉक्सना २३५०. ड्रॉवर आणि हॉबचं युनिट तसंच ठेवलं आणि सिंकचं युनिट ९०० ऐवजी ८५० चं केलं. २४ बाय १८ इंचांचा सिंक त्यात आरामात बसतो, आणि नागपुरात बॉक्स मापाने करून मिळतात, तेव्हा रेडीमेड साइजचा हट्ट धरायची गरज नसते. ड्रॉवरची रुंदी कमी करू नका, कारण टँडमचे आणि ताट-वाटीच्या जाळ्यांचे साइज ठरलेले असतात. सिंकच्या युनिटमधून मापं काढणं सर्वांत स्वस्त पडतं.

फिलर दोन्ही रांगांना लागतो, हे लोक विसरतात. लांब रांगेचं हँडल आखूड रांगेच्या ड्रॉवरलाही तितकंच आडवं येतं. साध्या हँडलला दोन्हीकडे ५० मिमी पुरतात, ओव्हन किंवा डिशवॉशरसारखं जाड दांड्याचं उपकरण मात्र कोपऱ्यालगत नकोच.

स्क्रीनवर हे तपासायची युक्ती सोपी आहे. कॅटलॉगमधला साधा ठोकळा घ्या, ड्रॉवरच्या रुंदीचा आणि ५०० मिमी डेप्थचा, आणि तो ड्रॉवरसमोर ठेवा. हा झाला उघडा ड्रॉवर. ठोकळा आपोआप भिंतीला चिकटायला लागला तर `Magnetism` बंद करा. सगळ्या शटर आणि ड्रॉवरसमोर असे रंगीत ठोकळे ठेवून वरून पाहिलं की कोण कोणात घुसतंय ते लगेच दिसतं. दिसायला पोरखेळ वाटतो, पण प्लॅन तपासायला दिला की मी पहिलं काम हेच करते.

५. चालायची जागा

मोकळी जागा बॉक्सपासून बॉक्सपर्यंत मोजू नका, हँडलपासून किंवा ग्रॅनाइटच्या कडेपासून समोरच्या सर्वांत पुढे आलेल्या वस्तूपर्यंत मोजा. अमेरिकेतल्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनची शिफारस एकट्याने स्वयंपाक करायचा असेल तर ४२ इंच, म्हणजे सुमारे १०६७ मिमी, आणि दोघं असतील तर ४८ इंच, म्हणजे १२१९ मिमी अशी आहे. आपल्या छोट्या किचनमध्ये इतकं दरवेळी जमत नाही. माझ्या मते १००० पर्यंत निभावतं, ९०० च्या खाली मात्र समोरासमोर ड्रॉवर ठेवूच नका, एका बाजूला उथळ कपाट करा.

बेसाच्याच फ्लॅटमध्ये ओट्यासमोरच्या भिंतीला फ्रिज होता. फ्रिजची डेप्थ ६८० आणि मागे हवेला ५०, मिळून ७३०. स्क्रीनवर २४३८ मधून ६१५ आणि ७३० गेले की १०९३ राहत होते, म्हणजे शिफारशीच्या वर. खरी रुंदी टाइलनंतर २३९० भरली आणि उरले १०४५. ५०० मिमीचा ड्रॉवर पूर्ण उघडला की मागे ५४५. एक माणूस उभा राहतो, पण दुसरा त्याच्या मागून जाऊ शकत नाही. पोळ्या एकीने लाटायच्या आणि दुसरीने भाजायच्या असं घर असेल तर हे रोज टोचणार. त्यांनी फ्रिज डायनिंगच्या भिंतीला नेला आणि प्रश्न मिटला.

फ्रिज भिंतीच्या कोपऱ्यात ठेवणार असाल तर बिजागरीच्या बाजूला थोडी जागा सोडा. दार ९० अंशांवरच भिंतीला थांबलं की आतला भाजीचा कप्पा बाहेर ओढता येत नाही. किती जागा हवी ते त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात चित्रासह दिलेलं असतं.

६. वरची कपाटं

वरून पाहिलेल्या प्लॅनमध्ये हा दोष कधीच सापडत नाही, उंचीचेच आकडे तपासावे लागतात. १०० ची स्कर्टिंग, ७२० चा बॉक्स आणि वर बेससकट ग्रॅनाइट मिळून ओटा साधारण ८५० वर येतो. त्यावर ६०० मोकळे सोडले तर वरच्या कपाटाचं `Elevation` १४५० येतं आणि ७२० चं कपाट २१७० ला संपतं. घरातल्या माणसांची उंची कमी असेल तर ओटा आणि कपाट दोन्ही खाली आणा. त्यासाठी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला उभं करून कोपराची उंची मोजा, ओटा त्याच्या १०० ते १५० मिमी खाली हवा.

आता छत. भिंतीला प्रोग्रॅमने आपोआप दिलेली उंची तशीच ठेवली जाते आणि बीम तर कोणी काढतच नाही. छतापासून फूटभर खाली आलेला बीम असेल तर तो ठोकळा म्हणून काढा आणि जमिनीपासून बीमच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने घ्या. वर उचलून उघडणारं शटर कपाटाच्या माथ्याच्याही वर जातं, आणि लॉफ्टचं शटर बीमला लागतं ते इथेच.

चिमणीची खालची कड आणि कपाटांची खालची कड एका रेषेत ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, चित्रात ते छान दिसतं. पण चिमणी हॉबपासून किती वर हवी हे कंपनी ठरवते, बहुतेकदा ६५० ते ७५० मिमी. कपाट ६०० वर असेल तर चिमणी त्याच्या वरच जाणार. ती ओढून खाली आणली की कढईची वाफ आणि जाळ तिच्या फारच जवळ येतो. सिंक खिडकीखाली असेल आणि ग्रिल बाहेरून असल्यामुळे झडपा आत उघडत असतील, तर उंच मानेचा नळ खिडकी उघडू देत नाही. जुन्या घरांत, विशेषतः महाल-इतवारीकडे, हे हमखास. तिथे सरकती खिडकी किंवा बुटका नळ, दुसरा इलाज नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

वरचं सगळं घरी बसून होतं. पुढच्या ठिकाणी हात घालू नका.

तिरकं माप १५०० पेक्षा १५ मिमीहून जास्त चुकत असेल, किंवा वर-खाली २० मिमीचा फरक असेल, तर पट्टीने झाकायच्या मागे लागू नका. आधी प्लास्टरच्या मिस्त्रीला भिंत दाखवा. बीम किंवा कॉलम आडवा येतो म्हणून तो तासायचा विचार कोणी सुचवला, मग तो कितीही अनुभवी असो, तर काम थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. तोवर कपाट लहान करा.

वरची कपाटं टांगायच्या आधी भिंत कशाची आहे ते बिल्डरकडून माहीत करून घ्या. एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग आणि स्क्रू भरल्या डब्यांचं वजन धरत नाही, तिथे त्याच भिंतीसाठी बनवलेले फास्टनर लागतात आणि ते लावणारा माणूसही.

गॅसची नळी बॉक्सच्या मागून फिरवायची असेल किंवा सिलिंडर ट्रॉलीत घालायचा असेल, तर गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला प्लॅन दाखवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवीच. ओव्हन, डिशवॉशर किंवा गीझरचे १६ अँपिअरचे पॉइंट हलवायचे असतील तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनच. सिंक जागेवरून एक-दीड फुटाहून जास्त सरकत असेल तर ड्रेनचा उतार प्लंबरने पाहिल्याशिवाय ग्रॅनाइट कापू नका.

आणि कटिंगच्या आधी बॉक्स करणाऱ्याला साइटवर बोलवून त्याच्याच टेपने शेवटचं माप घ्यायला लावा, दोघांच्या सहीसह. तुमच्या फाइलमधला आकडा आणि त्याचा आकडा जिथे ५ मिमीहून जास्त वेगळा येतो, तिथे दोघं मिळून पुन्हा टेप लावा. माप जुळेपर्यंत प्लाय कापू देऊ नका.